प्रिंटर छापतो, पण फोनला सापडत नाही: अ‍ॅप न टाकता छपाई कुठे अडते

प्रश्न: घरी वाय-फायवाला प्रिंटर आहे. मुलीच्या शाळेची वर्कशीट आणि बँकेचे पीडीएफ फोनवरून थेट छापायचे आहेत. कंपनीचं अ‍ॅप खातं उघडायला लावतं, लोकेशन मागतं, म्हणून ते काढून टाकलं. आता माझ्या अँड्रॉइडवर शोधण्याचं चक्र नुसतं फिरत राहतं आणि बायकोच्या आयफोनवर No AirPrint Printers Found असं येतं. हॉलमधल्या राउटरची रेंज आत पोचत नाही म्हणून बेडरूममध्ये दुसरा राउटर लावलाय, पण दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच आहे, म्हणजे सगळं एकाच वाय-फायवर आहे. प्रिंटर हॉलमध्ये आहे. लॅपटॉपवरून व्यवस्थित छापलं जातं. अ‍ॅप न टाकता काही मार्ग आहे का?

उत्तर: मार्ग आहे, आणि तो तुमच्या दोन्ही फोनांत आधीपासूनच बसवलेला आहे. आयफोनमध्ये एअरप्रिंट 2010 पासून आहे. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती 8 पासून, म्हणजे 2017 पासून, Default Print Service नावाची सेवा फोनसोबतच येते. ती मोप्रिया या गटाच्या कामावर उभी आहे. कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी 2013 मध्ये हा गट स्थापन केला तो याचसाठी, की कुठल्याही फोनवरून कुठल्याही प्रिंटरवर छापता यावं. प्रिंटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आयफोनसाठी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया हे नाव असेल तर छपाईसाठी कंपनीच्या अ‍ॅपची गरज उरत नाही.

तुमच्याकडे अडतंय ते छापण्यात नाही, शोधण्यात. ही दोन कामं पूर्णपणे वेगळी आहेत आणि फोन ती वेगळ्या रस्त्यांनी करतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी शोधणं. तुम्ही Print दाबता तेव्हा फोनला प्रिंटरचा पत्ता माहीत नसतो. तो आपल्या जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम विचारतो, ‘छापणारं कुणी आहे का?’ चाळीच्या गॅलरीत उभं राहून मारलेल्या हाकेसारखंच हे आहे: त्याच मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाते, शेजारच्या इमारतीत नाही. या हाकेसाठी 224.0.0.251 हा राखीव पत्ता ठरलेला आहे आणि राउटर ती आपल्या जाळ्याबाहेर जाऊ देत नाही. तो बिघाड नाही, तशीच योजना आहे. हाक ऐकून प्रिंटर उत्तर देतो: माझं नाव हे, पत्ता हा, मी अमुक प्रकारच्या फाइली घेतो. तेव्हा कुठे फोनच्या यादीत त्याचं नाव उमटतं.

छापणं मात्र थेट असतं. एकदा पत्ता कळला की फोन त्या पत्त्यावरच्या 631 क्रमांकाच्या पोर्टवर जातो, प्रिंटरला ‘कागद कोणते, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतोस का’ असं विचारतो आणि पान पाठवतो. यात हाक नाही, सरळ संभाषण आहे. आणि असं संभाषण एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यातही चालू शकतं, रस्ता असला म्हणजे झालं. तुमचा लॅपटॉप छापतो तो बहुधा याचमुळे. त्याच्यावर प्रिंटर बसवला तेव्हा पत्ता कायमचा नोंदवला गेला असावा. तो दर वेळी हाक मारत बसत नाही, सरळ त्या पत्त्यावर जातो.

आता तुमच्या ‘सगळं एकाच वाय-फायवर आहे’ या वाक्याकडे येतो, कारण गोम तिथे आहे. दोन राउटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला तर फोनच्या पडद्यावर एकच वाय-फाय दिसतं. पण जाळं एक होतं की नाही ते नावावर नाही, दुसरा राउटर कसा जोडलाय त्यावर ठरतं. बहुतेक घरांत हॉलमधल्या राउटरची केबल नेऊन बेडरूमच्या राउटरच्या WAN लिहिलेल्या, बहुधा निळ्या, भोकात खुपसलेली असते. असं केलं की दुसरा राउटर स्वतःचं स्वतंत्र जाळं उभं करतो, स्वतःच पत्ते वाटतो, आणि हॉलचं जाळं त्याच्या दृष्टीने ‘बाहेर’ होतं. इंटरनेट दोन्हींकडे चालतं, त्यामुळे कुणाला काही संशय येत नाही. संशय येतो तो प्रिंटर किंवा टीव्हीवर पडदा दाखवायची वेळ आली की.

खात्री करायला पत्ते पाहा. अँड्रॉइडवर वाय-फायच्या यादीत जोडलेल्या नावापुढच्या चक्रावर दाबलं की तपशिलात आयपी पत्ता सापडतो. आयफोनवर Settings, मग Wi-Fi, मग नावापुढचा गोलातला i. हे बेडरूममध्ये उभं राहून करा, कारण हॉलमध्ये फोन हॉलच्या राउटरला जोडला गेला तर वेगळंच उत्तर मिळेल. प्रिंटरचा पत्ता त्याच्या छोट्या पडद्यावर Network किंवा Wireless अशा नावाच्या मेनूत असतो. पडदा नसेल तर बहुतेक प्रिंटर ठरावीक बटणं दाबून धरली की जाळ्याच्या माहितीचं एक पान छापून देतात. कोणती बटणं ते मॉडेलगणिक बदलतं, सोबतच्या पुस्तिकेत बघावं लागतं. नाहीतर हॉलच्या राउटरमध्ये लॉगिन केल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथेही सापडतो.

समजा प्रिंटरचा पत्ता निघाला 192.168.1.25 आणि फोनचा 192.168.0.104. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे जुळले तर जाळं एक, नाही जुळले तर जाळी दोन. इथे प्रिंटर 192.168.1 मध्ये आहे आणि फोन 192.168.0 मध्ये, म्हणून फोनची हाक प्रिंटरपर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे हेच आकडे निघतील असं नाही, पण जवळपास असंच काही निघेल.

आता फोनच्या ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
http://192.168.1.25
```

आकडे अर्थात तुमच्या प्रिंटरचे. बहुतेक वाय-फाय प्रिंटरांच्या पोटात एक छोटं वेबपान असतं: शाईची पातळी, जाळ्याची माहिती, काही सेटिंग्ज. ते उघडलं तर छपाईचा रस्ता मोकळा आहे आणि फक्त शोधणं अडलंय. Your connection is not private अशी सूचना आली तर घाबरू नका. प्रिंटरने स्वतःच बनवलेलं प्रमाणपत्र ब्राउझर ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ. Advanced दाबून पुढे जा. हे अर्थातच घरातल्या प्रिंटरच्या पत्त्यापुरतंच. बँकेच्या साइटवर अशी सूचना आली तर मागे फिरायचं.

तुमच्या मांडणीत हे पान उघडेल असा माझा अंदाज आहे. कारण आतल्या राउटरमागून बाहेरच्या जाळ्याकडे जाता येतं, जसं इंटरनेटकडे जाता येतं. प्रिंटरला वाटतं की आतला राउटरच आपल्याशी बोलतोय, आणि तो निमूट उत्तर देतो. उलट प्रिंटर बेडरूममध्ये आणि फोन हॉलमध्ये असता तर पान उघडलंच नसतं, कारण बाहेरून आत यायला राउटर वाट देत नाही. माणसं ‘काल छापलं, आज नाही’ म्हणतात, त्यातल्या कित्येक तक्रारींचं मूळ एवढंच असतं की काल फोन एका खोलीत होता आणि आज दुसऱ्या.

पान उघडलं असेल तर अँड्रॉइडचं काम राउटरला हात न लावता आत्ताच होईल. Settings मध्ये Connected devices, मग Connection preferences, मग Printing असा रस्ता आहे. सॅमसंगवर Connections, मग More connection settings, मग Printing. दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत print लिहिलं की सापडतं. तिथे Default Print Service उघडा आणि ती चालू आहे ना ते पाहा. वरच्या तीन ठिपक्यांत Add printer आहे, आणि त्यात आयपी पत्त्याने प्रिंटर जोडायची सोय आहे. तिथे 192.168.1.25 टाका. फोन त्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची विचारपूस करतो आणि उत्तर मिळालं की नाव यादीत घेतो. हाकेची गरजच उरली नाही.

आयफोनवर ही पळवाट नाही. त्याला प्रिंटर हाकेनेच सापडावा लागतो, पत्ता हाताने टाकायची सोय छपाईच्या खिडकीत नाही. त्यामुळे तुमच्या घरात खरा उपाय जाळं एक करणं हाच आहे. त्याने दोन्ही फोन मार्गी लागतील.

ते करायचे दोन प्रकार आहेत. सोपा प्रकार म्हणजे बेडरूमच्या राउटरमध्ये लॉगिन करून Operation Mode किंवा अशाच नावाखाली Access Point निवडणं. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्यानंतर तो स्वतः पत्ते वाटत नाही, फक्त हॉलच्या जाळ्याची रेंज वाढवतो. त्याचा स्वतःचा पत्ताही बदलतो, म्हणून जुन्या पत्त्यावर लॉगिन पान उघडलं नाही तर राउटर बिघडला असं समजू नका.

जुन्या किंवा स्वस्त राउटरमध्ये हा पर्याय नसतो. तिथे हाताने करावं लागतं आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी WAN भोकातली केबल काढा. मग लॅपटॉप बेडरूमच्या राउटरला जोडून त्याचा LAN पत्ता बदला: हॉलच्या जाळ्यातला, पण हॉलचा राउटर कुणाला वाटत नसेल असा. हॉलचा राउटर 192.168.1.1 असेल आणि तो 2 ते 200 पर्यंतचे पत्ते वाटत असेल तर 192.168.1.250 चालेल. वाटपाची ही मर्यादा हॉलच्या राउटरच्या DHCP पानावर दिसते. मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून बेडरूमच्या राउटरवरचं DHCP Server बंद करा. शेवटी केबल WAN ऐवजी कुठल्याही LAN भोकात लावा. केबल आधीच काढायची याचं कारण असं की ती WAN मध्ये असताना आत आणि बाहेर एकाच मालिकेतले पत्ते येतात आणि बरेच राउटर तो बदल स्वीकारतच नाहीत. आणि DHCP चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात आणि मग अर्ध्या उपकरणांचं इंटरनेट अधूनमधून जातं. ते प्रिंटर न सापडण्यापेक्षा कटकटीचं.

हे झालं की दोन्ही फोनांचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा, म्हणजे ते नवा पत्ता घेतील. पहिले तीन आकडे आता प्रिंटरशी जुळले पाहिजेत. जुळले की आयफोनवर शेअरच्या चिन्हातून Print दाबल्यावर प्रिंटर आपोआप दिसेल, आणि अँड्रॉइडवरही छपाईच्या खिडकीत वरच्या Save as PDF वर दाबून All printers उघडलं की यादीत येईल. प्रिंटर झोपेत असेल तर त्याचं एखादं बटण दाबून आधी जागा करा. काही मॉडेल गाढ झोपेत हाकेला ओ देत नाहीत.

हात लागलाच आहे तर हॉलच्या राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. Address Reservation किंवा तत्सम नावाने ही सोय असते. हाकेने सापडणाऱ्या प्रिंटरला पत्ता बदलल्याने फरक पडत नाही, पण अँड्रॉइडवर हाताने टाकलेला पत्ता आणि लॅपटॉपमधला नोंदवलेला पत्ता मात्र त्याने निकामी होतो. वीज गेल्यावर राउटर आणि प्रिंटर एकदमच सुरू होतात, तेव्हा हे घडू शकतं.

वरच्या निदानाला दोन अपवाद सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची अडचण त्यातली असू शकते.

पहिला: आकडे जुळतात, पण प्रिंटरचं पान उघडत नाही. अशा वेळी फोन पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर तर नाही ना ते आधी पाहा. पाहुण्यांचं जाळं उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही, फक्त इंटरनेट देतं. तसं नसेल तर राउटरमध्ये AP Isolation किंवा Client Isolation चालू असण्याची शक्यता आहे. हॉस्टेल, पीजी, हॉटेल आणि कचेऱ्यांत ते मुद्दाम चालू ठेवतात आणि तिथे ते योग्यच आहे. घरात बंद करायला हरकत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर तोही हेच करतो: सगळी वाहतूक बाहेर पाठवतो आणि हातभर अंतरावरचा प्रिंटर फोनला दिसेनासा होतो.

दुसरा: आकडे जुळतात, पान उघडतं, तरी यादीत प्रिंटर नाही. इथे जाळं एकच आहे, पण हाक वाटेत गाळली जातेय. प्रिंटरच्या त्याच वेबपानावर Bonjour किंवा AirPrint नावाची खूण बंद आहे का ते आधी बघा. ती चालू असेल तर एक युक्ती करा. फोनवर छपाईची यादी उघडी ठेवा आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. सुरू होताना प्रिंटर स्वतःहून आपली ओळख जाहीर करतो. त्या वेळी नाव दिसलं आणि नंतर कधीतरी आपोआप गायब झालं, तर राउटरच्या IGMP Snooping या सेटिंगवर संशय घ्या. नको तिथे नको ती वाहतूक जाऊ नये म्हणून ते असतं, पण काही राउटरांत ते हाकाही गिळतं. बंद करून पाहा. प्रिंटर 2.4 गिगाहर्ट्झवर आणि फोन 5 गिगाहर्ट्झवर आहे म्हणून छपाई होत नाही असं मात्र सर्रास सांगितलं जातं, ते बहुतेक घरांत खरं नसतं. राउटर दोन्ही पट्टे एकाच जाळ्यात जोडतो. हाक या पट्ट्यातून त्या पट्ट्यात न नेणारे राउटर असतात, पण अपवादाने.

आता शोधणं जमलं असं धरून प्रत्यक्ष छपाईबद्दल.

वर्कशीट बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Print शोधत बसाल तर वेळ जाईल. पीडीएफवर दाबून ती ड्राइव्हच्या वाचकात किंवा फोनच्या फाइल्समध्ये उघडा. Print तिथल्या तीन ठिपक्यांत असतं. जीमेलमध्येही तीन ठिपके, क्रोममध्ये तीन ठिपके, मग Share, मग Print. आयफोनवर जवळजवळ सगळीकडे शेअरच्या चिन्हाखाली यादी खाली सरकवली की Print येतं.

छपाईच्या खिडकीत कागदाचा आकार एकदा नीट पाहा. आपल्याकडचा कागद ए4, म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिकेतला लेटर 216 बाय 279. फोनची भाषा English (United States) ठेवलेली असेल तर अँड्रॉइड बरेचदा Letter निवडून ठेवतं. मग दोनपैकी एक होतं: एकतर पान थोडं आक्रसून छापलं जातं आणि खाली पांढरी पट्टी राहते, नाहीतर प्रिंटर ‘कागद जुळत नाही’ म्हणून दिवा लुकलुकवत थांबतो आणि फोनवर काम नुसतं रांगेत दिसतं. काम रांगेत अडकलं की दोष जाळ्याचा असं समजून राउटर बंद-चालू करणारे बरेच असतात, पण प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम त्याच्यापर्यंत पोचलंय आणि जाळं ठीक आहे. आकार ISO A4 करा आणि पुन्हा पाठवा. इंग्रजी हवीच असेल तर फोनची भाषा English (India) ठेवली की ही कटकट बहुधा येत नाही.

फोटो छापायला वेळ का लागतो याचंही कारण कळलं तर बरं. फोनकडे तुमच्या प्रिंटरचा खास ड्रायव्हर नसतो. प्रिंटर पीडीएफ समजत असेल तर फोन पीडीएफच पाठवतो. नसेल तर अख्खं पान चित्रासारखं ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवून पाठवतो. ए4 पान 300 डीपीआयला म्हणजे 2480 बाय 3508, जवळपास 87 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट धरले तर एका पानाचे, फाइल लहान करण्यासाठी दाबण्याआधी, सुमारे 26 मेगाबाइट होतात, आणि 600 डीपीआयला त्याच्या चौपट. पांढऱ्या कागदावरचा काळा मजकूर दाबला की अगदी थोडा उरतो, फोटो तेवढा दाबला जात नाही. म्हणून वर्कशीट लगेच निघतं आणि वाढदिवसाचा फोटो मात्र ‘पाठवत आहे’वर रेंगाळतो. प्रिंटर कोपऱ्यात, कपाटाआड ठेवलाय का तेही बघा. त्याच्या पोटातला वाय-फाय अँटेना फोनच्या मानाने बेताचाच असतो.

फोन पान स्वतः रंगवतो याचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. पडद्यावर देवनागरी जशी दिसते तशीच कागदावर उमटते, प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट असण्याची गरज नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. शाळेचा कारकून किंवा डीटीपीवाला कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधली वर्डची फाइल पाठवतो तेव्हा तो फॉन्ट तुमच्या फोनमध्ये नसतो, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. प्रिंटर तो कालाच इमानेइतबारे छापेल. फोनवर यावर इलाज नाही. पाठवणाऱ्यालाच त्याच्या संगणकावरून पीडीएफ करून पाठवायला सांगा. पीडीएफ करताना अक्षरांचे आकार सहसा फाइलमध्येच जातात, मग कुठल्याही फोनवर ते नीट दिसतात.

राउटर बंद असताना, किंवा घरी आलेल्या एखाद्याला वाय-फायचा पासवर्ड न देता एक पान छापू द्यायचं असेल तर वाय-फाय डायरेक्ट कामी येतं. प्रिंटर स्वतःचं छोटं वाय-फाय सोडतो, त्याचं नाव DIRECT- ने सुरू होतं. पासवर्ड प्रिंटरच्या मेनूत किंवा मघाच्या माहितीच्या पानावर असतो. फोन त्याला जोडला की जाळ्यात दोघंच असतात, हाक अडवायला मध्ये कुणी नाही, त्यामुळे आयफोनलाही प्रिंटर लगेच दिसतो. एवढं लक्षात ठेवा की या वाय-फायवर इंटरनेट नाही. फोन तक्रार करेल, त्याला ‘तरीही जोडलेलं ठेव’ सांगावं लागतं, नाहीतर तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. आणि ड्राइव्हमधली फाइल आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, ऐनवेळी ती उघडणार नाही.

नवीन प्रिंटर घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. छपाईला अ‍ॅप लागत नाही, पण काही मॉडेल पहिल्यांदा चालू करतानाच कंपनीचं खातं आणि इंटरनेट मागतात. काही योजनांत तर प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला असण्याची अटच असते. दुकानात विचारताना ‘मोबाइलवरून प्रिंट होतं का’ असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘अ‍ॅप आणि खातं न उघडता वाय-फायला जोडून दाखवा’ असं म्हणा. पडद्याचं मॉडेल असेल तर त्यावरूनच वाय-फाय निवडून पासवर्ड टाकता येतो. पडदा नसेल तर WPS: प्रिंटरवर वाय-फायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं WPS बटण दाबायचं. राउटर फक्त WPA3 वर ठेवलेला असेल तर WPS चालत नाही आणि बऱ्याच प्रिंटरांना WPA3 कळतही नाही. अशा वेळी राउटरवर WPA2/WPA3 असा मिश्र पर्याय निवडावा लागतो.

अ‍ॅपशिवाय न होणाऱ्या गोष्टीही आहेत. फोनमधली ही सोय फक्त छापते. त्यात पानांची निवड, प्रती, रंग किंवा काळं-पांढरं, दोन्ही बाजू एवढं मिळतं. स्कॅन त्यात नाही, शाईचं डोकं साफ करणंही नाही. साफसफाई प्रिंटरच्या बटणांनी किंवा त्या 192.168.1.25 च्या पानावरून होते, आणि काही मॉडेलांत त्याच पानावर Scan चा कप्पाही असतो. तो असेल तर काचेवर कागद ठेवून फोनच्या ब्राउझरमधूनच स्कॅन घेता येतो. त्या पानाला पासवर्ड नसेल तर Settings किंवा Security मध्ये जाऊन एक लावून ठेवा, कारण घरातल्या वाय-फायवर आलेला कुणीही ते उघडू शकतो.